अंगठ्याखालचे क्विंटल

आमच्या घराण्यात गणिताची अक्कल माझ्या वाट्याला आली आहे, असा एक समज मी गेली चाळीस वर्षं मोठ्या कष्टाने जपला आहे. त्याला आधार दोनच. दहावीला मला गणितात पंच्याऐंशी गुण होते, आणि हॉटेलात बिल आलं की मी ते खालून वर बेरीज करून तपासतो. वेटर उभा राहतो, मागच्या टेबलावरची माणसं बघतात, बायको पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते. पण समज टिकून होता. त्याला तडा गेला तो एका मंगळवारी रात्री साडेनऊला, आणि तोही एका अंगठ्यामुळे.

भाची पुण्यात बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत तिची खुर्ची आहे. या परीक्षांत डीआय नावाचा एक प्रकार असतो. डीआय म्हणजे एक आलेख, एक तक्ता आणि त्यांच्याखाली पाच प्रश्न. गणित म्हणाल तर सातवीचं. भागाकार आला आणि टक्केवारी आली की झालं. म्हणूनच तिने जेव्हा फोटो पाठवून खाली लिहिलं, ‘मामा, तिसऱ्याचं उत्तर बघ ना. माझं एक येतंय, मैत्रिणीचं दुसरंच येतंय’, तेव्हा मी चष्मा न लावताच ‘दोन मिनिटं’ असं उत्तर पाठवलं. चष्मा लावला नाही, कारण चष्मा लावून सातवीचं गणित करणं मला कमीपणाचं वाटलं.

फोटो मैत्रिणीच्या पुस्तकाचा होता. ते पुस्तकही मुळात झेरॉक्स. अभ्यासिकेतल्या ट्यूबलाइटखाली, खुर्चीत बसल्या बसल्या, तिरक्या हाताने काढलेला. पानावर वरून भाचीच्या डोक्याची सावली पडली होती. पान बंद होऊ नये म्हणून मैत्रिणीने वरच्या कोपऱ्यात अंगठा दाबून धरला होता. अंगठ्याला नेलपॉलिश होतं. पुढचे दोन तास मी त्या अंगठ्याकडे इतकं बघितलं, की आज तो बाजारात कुठे भेटला तर मी ओळख देईन.

वर बार ग्राफ होता. शीर्षक असं: ‘पाच कारखान्यांचे साखर उत्पादन (लाख’ आणि पुढे अंगठा. खाली तक्ता: ‘गाळप केलेला ऊस (हजार टनांत)’. कारखान्यांची नावं अ, ब, क, ड, इ. आणि तिसरा प्रश्न: ‘ज्या कारखान्याचा साखर उतारा सर्वाधिक आहे, त्याचा उतारा किती टक्के?’ उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली ते. खाली चार पर्याय: ०.११२, १.१२, ११.२, ११२.

पर्याय बघून मी मनाशी हसलो. छापणाऱ्याला आकडे सुचले नाहीत बहुतेक, एकच आकडा चार वेळा छापून नुसतं टिंब सरकवत नेलंय. हे हसणं पुढे मला महागात पडलं.

पहिलं काम मी केलं ते म्हणजे दोन बोटांनी फोटो मोठा केला. आता पडद्यावर फक्त पाच बार दिसायला लागले. अगदी स्पष्ट. अ ठेंगणा, ब उंच. मी पडद्याच्या खालच्या कडेपासून घरं मोजली. अ ची दोन, ब ची आठ, क ची पाच, ड ची सात, इ ची तीन. म्हणजे ब चं उत्पादन अ च्या चौपट! मग तक्त्यातला ऊस घेतला. अ सहाशे, ब अकराशे पंचवीस, ड हजार, इ सहाशे पंचवीस. आठ भागिले अकराशे पंचवीस, सात भागिले हजार… ब पुढे, ड त्याच्या अगदी मागे, इ कुठल्या कुठे. मी लिहिलं, ‘कारखाना ब’.

तिकडून तीन सेकंदांत उत्तर, ‘मामा, बार कितीपासून सुरू होतात ते बघितलंस का?’

आता बार कितीपासून सुरू होणार? शून्यापासून. माणूस जमिनीपासून उभा राहतो, बारही शून्यापासून उभा राहतो. तरी फोटो लहान केला. उभ्या अक्षाच्या पायथ्याशी छापलं होतं, ४. त्याच्या शेजारी एक बारीकशी नागमोडी खूण होती, ती मी कागदाची चुणी समजलो होतो. ती खूण म्हणजे आलेख काढणाऱ्याने दिलेली कबुली असते, की बाबांनो, खालचा तुकडा मी कापलाय. पाचही जण कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि मी पाण्याच्या वरची उंची मोजत होतो. पाणी काढलं तर अ सहा, ब बारा. चौपट कुठली, नुसती दुप्पट. आणि हे पाणी सगळ्यांना सारखंच खोल असलं, तरी ते बुटक्याचा जास्त भाग गिळतं. अ ने सहापैकी चार गमावले, ब ने बारापैकी चार. माझ्या हिशेबात इ मागे पडला तो त्यामुळेच.

आमच्या शाळेत आलेखाच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहावं लागे. ते विसरलं तर सर अर्धा गुण कापायचे आणि म्हणायचे, ‘प्रमाण नाही तर तो आलेख नाही, नक्षी आहे.’ मी पस्तीस मिनिटं नक्षी वाचत होतो.

या बार नावाच्या प्रकाराचा कर्ता कोण, म्हणून मी मध्येच शोध घेतला. दोष द्यायला कोणीतरी लागतंच. विल्यम प्लेफेअर नावाचा स्कॉटलंडचा गृहस्थ. १७८६ साली त्याने लंडनमध्ये व्यापाराच्या आलेखांचं पुस्तक काढलं. बाकी देशांचे बऱ्याच वर्षांचे आकडे त्याच्याकडे होते, त्यांच्या त्याने वाहत्या रेषा काढल्या. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे आकडे हाताशी होते. एका वर्षाची रेषा काढणार कशी? म्हणून त्याने आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या. म्हणजे घरात तांदूळ कमी पडला म्हणून खिचडी केली, आणि सव्वादोनशे वर्षं जग खिचडी खातंय. मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याने चार लिहिला होता ना खाली? मग त्याचा काय दोष?’

चष्मा लावला.

आता प्रश्न आला मधल्या रेघांचा. अक्षावर आकडे फक्त तीन ठिकाणी होते: ४, ८ आणि १२. चार आणि आठच्या मध्ये बारीक रेघा तीन. चाराचं अंतर, रेघा तीन, म्हणजे एका रेघेला एक पूर्णांक तेहतीस शतांश. इतकं झटपट भागून मी स्वतःवरच खूश झालो. इ चा माथा तिसऱ्या रेघेवर होता. चार अधिक तीन वेळा एक पूर्णांक तेहतीस, म्हणजे आठ. इ चं उत्पादन आठ. लिहिलंसुद्धा. मग लक्षात आलं की आठ हा आकडा तर त्याच्या वरच्या रेघेला छापलेला आहे. एकाच आलेखात आठ दोन मजल्यांवर राहत होते.

ही चूक फार जुनी आहे आणि माणूस ती मरेपर्यंत करतो. सोमवारपासून गुरुवारपर्यंत पाहुणे राहणार म्हटलं की किती रात्री, यावर घरोघरी वाद होतात. रेघा मोजायच्या नसतात, रेघांमधली घरं मोजायची असतात. हाताला बोटं पाच, पण फटी चारच. तीन रेघांनी चार घरं होतात, चाराचं अंतर चार घरांत, एक घर एकाचं. इ म्हणजे सात. पडताळा सोपा होता. खालच्या आकड्यापासून एकेक घर चढत गेलं की वरचा छापलेला आकडा बरोबर त्याच्या रेघेवर भेटला पाहिजे. भेटला नाही, तर चूक आपली. हे मी भाचीला कळवलं. ती म्हणाली, ‘हो मामा, ते माहितीये. पुढे?’

पुढे फूटपट्टी. इ चा माथा खरंच तिसऱ्या रेघेवर आहे का, याची खात्री करायला मी लाकडी फूटपट्टी आणली आणि फोनच्या पडद्यावर आडवी ठेवली. पट्टी धरणारं बोट पडद्याला लागलं, फोटो सरकला. पुन्हा जुळवला. पुन्हा सरकला. तिसऱ्या वेळी काहीतरी दाबलं गेलं आणि फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला. दोन मिनिटांत सेक्रेटरींचा संदेश: ‘ब विंगचा बार सर्वांत उंच दिसत आहे. हा पाणीवापराचा अहवाल आपणास कोणी दिला?’ लगेच ब विंगमधल्या एका बाईंचा आक्षेप: ‘आमच्याकडे माणसं जास्त आहेत.’ मी लिहिलं, हा साखरेचा आलेख आहे. त्यावर तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘उपाशीपोटीची का जेवणानंतरची?’

पट्टी अखेर टिकली तेव्हा तिने सांगितलं की इ सातवर नाहीच, साडेसहाच्या आसपास आहे. मघाशी सात, आता साडेसहा. मी डोकं खाजवत बसलो. शेवटी फोटो नीट, म्हणजे चित्र म्हणून बघितला, तेव्हा कळलं. फोटो डावीकडून तिरका काढलेला. डावी बाजू फोनच्या जवळ, उजवी लांब. लांबचं लहान दिसतं, हे रेल्वेच्या रुळांकडे बघून पोरालाही कळतं. आलेखाच्या रेघा छापताना समांतर होत्या, पण फोटोत त्या डावीकडे ऐसपैस आणि उजवीकडे दाटीवाटीने. आकडे सगळे डावीकडे आणि इ बिचारा उजव्या टोकाला. तिथला माथा आडव्या पट्टीने सरळ डावीकडे आणला, तर तो भलत्याच घरात शिरणार. पट्टी सरळ होती, कागद सरळ नव्हता.

अशा वेळी पट्टी ठेवून द्यावी आणि त्या बारच्या शेजारून जाणारी छापील रेघच बोटाने धरून चालत अक्षापर्यंत यावं. रेघ वाकडी दिसली तरी तिच्यासोबत वाकडं चालावं. मी तसा चाललो. रेघ मला सातवर घेऊन आली. गर्दीतून म्हाताऱ्या माणसाचा हात धरून घरी पोचावं तसं वाटलं.

बार झाले. आता तक्ता. तक्त्यात काय वाचायचं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

तक्त्यात तीन रकाने होते: कारखाना, गाळप केलेला ऊस, हंगामाचे दिवस. आकडे वाचायला फोटो मोठा केला की रकान्यांची शीर्षकं पडद्याच्या वर निघून जायची. उजवीकडे सरकवला की कारखान्यांची नावं डावीकडे पळायची. लहान केला की सगळं कुटुंब दिसायचं, पण कोणाचाच चेहरा नाही. या धावपळीत सोसायटीच्या गोंधळानंतर दुसऱ्यांदा बघताना इ चा ऊस मी १४५ वाचला. तो ऊस नव्हता, दिवस होते. शिवाय पुस्तकाच्या शिवणीकडे पान वाकलेलं, त्यामुळे उजवीकडच्या ओळी खाली घसरत गेलेल्या. ड ची ओळ धरून निघालं की माणूस क च्या घरी पोचायचा.

यावर उपाय मला सुचला याचा मला अजून अभिमान आहे. मी तक्ता कागदावर हाताने उतरवून घेतला. आधी शीर्षकं, मग एककं, मग एकेक ओळ, बोट ठेवून. भाची म्हणाली, ‘मामा, परीक्षेत एवढा वेळ नसतो.’ मी म्हटलं, ‘परीक्षेत फोटोही नसतो.’ त्या रात्रीचा मी जिंकलेला हा एकमेव मुद्दा.

उतरवताना क पाशी अडलो. क चा ऊस ९०० की १००? आपल्या देवनागरी नऊ आणि एकचं मुळातच सख्खं नातं. पोट डावीकडे की उजवीकडे एवढाच फरक. झेरॉक्सच्या झेरॉक्सचा फोटो, त्यात तो व्हॉट्सअॅपने दाबून लहान केलेला, त्यात भाचीच्या डोक्याची सावली. पोट होतं, पण कोणत्या बाजूला ते त्याचं त्याला माहीत. मी फोटो इतका मोठा केला की आकडा जाऊन नुसते राखाडी चौकोन उरले. बायकोला दाखवला. ती म्हणाली, ‘मला तर हा मोर वाटतोय.’

मग नजर शेवटच्या ओळीवर गेली. ‘एकूण’. या ओळीकडे कोणी बघत नाही, लग्नाच्या पत्रिकेतल्या ‘आपले कृपाभिलाषी’सारखी ती खाली निमूट असते. एकूण ४२५०. मी बाकीचे चार मिळवले: सहाशे, अकराशे पंचवीस, हजार आणि सहाशे पंचवीस. झाले ३३५०. चार हजार दोनशे पन्नासला नऊशेच कमी. क नऊशेच असला पाहिजे. अस्पष्ट आकडा एकच असला तर एकूण त्याला असा कान धरून उभा करतो. दोन अस्पष्ट असते तर मात्र एकूणचाही नाइलाज होता.

सगळे आकडे हातात आले. रात्रीचे पावणेअकरा झाले होते. मी ‘दोन मिनिटं’ म्हटल्याला सव्वा तास.

आता भागाकार. इ ची साखर सात, ऊस सहाशे पंचवीस. सात भागिले सहाशे पंचवीस, गुणिले शंभर. एक पूर्णांक बारा शतांश. पर्यायांत बघितलं, होता! पर्याय दुसरा, १.१२. मी पाठवणार इतक्यात लक्षात आलं की साखर लाखात आहे आणि ऊस हजारात. परीक्षा काढणाऱ्याचा सापळा मी ओळखला होता. सात लाख म्हणजे सातशे हजार. सातशे भागिले सहाशे पंचवीस गुणिले शंभर, एकशे बारा. पर्यायांत बघितलं, हाही होता! पर्याय चौथा. दोन्ही उत्तरं छापलेली, दोन्ही माझी.

लाख आणि हजार जुळवले म्हणजे ११२ बरोबर, अशी खात्री करून मी मोठ्याने म्हणालो, ‘एकशे बारा टक्के!’

बायको भांडी लावत होती. तिचं माहेर कोल्हापूरकडचं. सासऱ्यांचा ऊस दर वर्षी कारखान्याला जायचा, आणि त्या घरात उताऱ्याच्या अर्ध्या टक्क्यावरून जेवण थंड व्हायचं, कारण उसाची एफआरपी उताऱ्यावर ठरते. ती हातात झारा घेऊन बाहेर आली.

‘कशाचे एकशे बारा टक्के?’

‘उतारा. इ कारखान्याचा.’

‘म्हणजे शंभर किलो ऊस घातला आणि एकशे बारा किलो साखर निघाली?’

‘आकडे तसं म्हणतायत.’

‘मग चिपाड कुठे गेलं? मळी कुठे गेली? पाणी कुठे गेलं? चिपाडाचीसुद्धा साखर केली का? अहो, तो कारखाना आहे का अक्षयपात्र? आमच्याकडे बारा टक्के उतारा आला की पेढे वाटायचे.’

मी चटकन १.१२ कडे वळलो. तिने तोही उडवला. ‘शंभर किलोला एक किलो? त्या कारखान्याच्या चेअरमनला शेतकऱ्यांनी उसाच्या मोळीत बांधून परत पाठवला असता.’

महाराष्ट्रातल्या कारखान्यांचा उतारा साधारण दहा ते बारा टक्क्यांच्या आसपास असतो, हे तिला माहीत होतं. मला फक्त भागाकार माहीत होता. तिने कागद न बघता पर्याय सांगितला, ‘अकरा पूर्णांक दोन असणार.’ मी म्हटलं, ‘असणार म्हणजे काय? गणितात असणार नसतं.’ आणि मग मी त्या अंगठ्याकडे बघितलं. ‘साखर उत्पादन (लाख’… लाख काय? मी मनातल्या मनात टन धरले होते. खाली तक्त्यात टन होते, म्हणून वरही टन. शेजारच्या ताटात वरण आहे म्हणून आपल्याही वाटीत वरणच, अशातला प्रकार.

‘साखर कधी टनात सांगतात का?’ बायको म्हणाली. ‘ऊस टनात, साखर क्विंटलात. एवढे लाख टन गाळप, एवढे लाख क्विंटल साखर, असंच तर पेपरात येतं हंगामात.’

एक क्विंटल शंभर किलो, दहा क्विंटलांचा एक टन. सात लाख क्विंटल म्हणजे सत्तर हजार टन साखर. ऊस सहाशे पंचवीस हजार टन. सत्तर भागिले सहाशे पंचवीस गुणिले शंभर. अकरा पूर्णांक दोन.

मी खुर्चीत मागे टेकलो आणि ते चार पर्याय पुन्हा वाचले. छापणाऱ्याला आकडे सुचले नव्हते असं नाही. त्याला आम्ही सुचलो होतो. जो दोन्ही एककं विसरेल त्याच्यासाठी १.१२. जो लाख-हजार जुळवेल पण क्विंटल विसरेल त्याच्यासाठी ११२. जो क्विंटल आठवेल पण लाख-हजार विसरेल त्याच्यासाठी ०.११२. प्रत्येक चुकणाऱ्याची नावानिशी खुर्ची मांडून ठेवली होती. ‘आपलं उत्तर पर्यायांत आहे’ हा मी आयुष्यभर बरोबर असल्याचा पुरावा मानत आलो. या माणसाला ते माहीत होतं. कुठल्यातरी खोलीत बसून, मला कधीही न भेटता, त्याने माझा स्वभाव लिहून ठेवला होता.

भाचीला फोन केला. तिचं उत्तर ११२ आलं होतं, मैत्रिणीचं ११.२.

‘मैत्रिणीचं बरोबर का आलं?’

‘तिच्याकडे पुस्तक आहे ना मामा. तिने पुस्तकातून सोडवलं. मी फोटोवरून.’

म्हणजे जिच्या अंगठ्याखाली क्विंटल दडले होते, तिला ते दिसत होते. आम्हा दोघांना दिसत होता तो अंगठा.

‘पण कारखाना तर मी पहिल्यापासून इ च धरला होता,’ भाची म्हणाली. हे मात्र खरं होतं, आणि त्यात एक गंमत आहे. एकक चुकलं तर ते पाचही कारखान्यांचं सारखंच चुकतं. सगळे दहापट फुगतात किंवा आक्रसतात, पण रांग मोडत नाही. ड चे अकरा टक्के एकशे दहा झाले तरी इ च्या एकशे बाराच्या मागेच राहतात. मी मात्र सुरुवातीला ब म्हणालो, कारण मी बारच बुडातून कापले होते. तिथे रांगच बदलते. थोडक्यात, भाचीची चूक समतेची होती आणि माझी पक्षपाती. हे मी तिला सांगितलं नाही.

त्याऐवजी मी तिला धीर दिला. ‘अगं, नासाचं एक यान १९९९ साली मंगळाजवळ जाऊन नष्ट झालं. जमिनीवरच्या एका संगणक-प्रणालीने जोराचे आकडे पाउंडांत दिले, आणि दुसरीने ते न्यूटनमध्ये आहेत असं धरलं. एवढीच चूक.’

‘नासाला चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा नसतो, मामा.’

‘त्यांचं यान वजा झालं.’

‘यान परत पाठवता येतं. मला पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.’

त्यानंतर आमच्यात फोटोंचा एक करार झाला. पान सपाट करून जमिनीवर ठेवायचं, वर उभं राहून बरोबर डोक्यावरून काढायचा, म्हणजे रेघा समांतर राहतात. दिवा बाजूला, म्हणजे सावली पानावर नाही. पान दाबायला अंगठ्याऐवजी डबा, तोही समासावर. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे नुसता आलेख कापून पाठवायचा नाही, शीर्षकापासून तळटीपेपर्यंत चारही कोपरे आले पाहिजेत, कारण ‘हजारांत’, ‘लाखांत’, ‘टक्क्यांत’ ही मंडळी कोपऱ्यातच राहतात. व्हॉट्सअॅपवर तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, म्हणजे दाबला जात नाही. भाचीने करार मान्य केला आणि पुढच्याच सेटमध्ये तिने सगळ्या अटी पाळल्या. फक्त त्यात दोन हंगामांचे जोडबार होते, खाली लिहिलं होतं ‘निळा: मागील हंगाम, लाल: चालू हंगाम’, आणि झेरॉक्समध्ये दोन्ही राखाडी होते. तो सेट आम्ही दोघांनी सन्मानाने सोडून दिला.

तर त्या रात्री सव्वाअकराला मी इ कारखान्याचं संपूर्ण उत्तर कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं. सात लाख क्विंटल, सत्तर हजार टन, भागाकार, टक्के, आणि शेवटी मोठ्या अक्षरात ११.२ लिहून खाली दोन रेघा मारल्या. कागद जमिनीवर ठेवला. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. बायकोने बाजूने टॉर्च धरला. मी स्टुलावर चढून बरोबर वरून फोटो काढला, डॉक्युमेंट म्हणून पाठवला, आणि श्रमपरिहार म्हणून चहा मागितला. खरं तर चहा मी लिहिताना घेतला होता, पण तो कधी संपला ते कळलं नव्हतं.

भाचीचं उत्तर आलं. ‘मामा, एकदम सरळ फोटो! सगळं दिसतंय. फक्त एक सांग. शेवटच्या ओळीत अकरा आणि दोनच्या मध्ये आहे ते टिंब आहे की चहाचा थेंब? कारण तसे थेंब अजून चार आहेत कागदावर.’

मी कागद उचलून दिव्याखाली धरला. पाच ठिपके होते. पाचही सारखेच तपकिरी. माझं पेन निळं होतं की तपकिरी, हे मला त्या क्षणी नक्की आठवेना.

‘काय म्हणतेय?’ बायकोने टॉर्च बंद करत विचारलं.

‘विचारतेय, ११.२ की ११२.’

‘तिला सांगा,’ ती वाट्या गोळा करत म्हणाली, ‘मामी म्हणते, चिपाडाची साखर होत नाही.’